एक क्लू हुकला तरी तपास चालू राहावा म्हणून: नाहीसा झालेला मुनीम आणि काटोलचा खिळा

प्रश्न: नागपुरातच आमचा रोल-प्लेइंग खेळणारा पाच जणांचा गट आहे, खेळ चालवायचं काम माझं, म्हणजे मी जीएम. रहस्याचा खेळ लिहिला: सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यात मालकाचा खून. तिथल्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी आहे, तिच्यावरून पुढच्या ठिकाणाचा पत्ता लागतो. गेल्या रविवारी खण उघडायचा रोल फसला, म्हणजे फासे कमी पडले, आणि पुढचा दीड तास सगळे नुसते बसून. एक क्लू हुकला म्हणून तपास थांबणार नाही असा प्रसंग लिहायचा कसा?

उत्तर:

तुम्ही प्रसंग खणापासून लिहायला घेतला असणार. आधी चिठ्ठी सुचली, मग ती कुठे लपवायची हे सुचलं, मग खणाला कुलूप आलं. मीही बरीच वर्षं असंच लिहायचे. आता मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. कागदावर सगळ्यात वर एकच वाक्य येतं: हा प्रसंग संपताना खेळाडूंपैकी कोणीतरी जे वाक्य म्हणायलाच हवं, ते. क्लू कोणता, तो कुठे आहे, त्याला रोल लागेल का, हे सगळं त्या वाक्याच्या खाली येतं. चिठ्ठी त्या वाक्यापर्यंत जायची एक वाट असते. तुमच्या बंगल्यात ती एकच वाट होती आणि तिच्यावर फासे बसले होते.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण तुमच्या खणासारखीच माझी चूक होती आणि ती पुरती नागपुरी होती. मी मारबतीच्या दिवशी घडणारी गोष्ट लिहिली होती. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारी-महालातली गर्दी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडणारी पोरं, आणि मिरवणुकीतल्या एका बडग्याच्या, म्हणजे पुतळ्याच्या, पोटात दडवलेला कागद. मला ते फार आवडलं होतं. खेळाडू बडग्या फोडतील, कागद काढतील, असं मी धरून चालले. पण आमच्या टेबलावरचे सगळे नागपूरचे. बडग्या ही शेवटी जाळायची गोष्ट, ती मध्येच कोण फोडतं? चौघं मिरवणुकीत मनापासून सामील झाले, घोषणा दिल्या आणि संध्याकाळी कागदासकट बडग्या जळताना बघत उभे राहिले. पुढे दोन तास ते इतवारीतल्या प्रत्येक दुकानदाराला तेच ते प्रश्न विचारत होते आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काहीही उरलं नव्हतं. त्या दिवशी एकही रोल फसला नव्हता, हे लक्षात घ्या. म्हणजे अडचण फक्त फाशांची नसते. खेळाडूंना ती कृती सुचलीच नाही, तरी खेळ तितकाच अडतो.

आता एक प्रसंग उलगडून दाखवते. हा मी चार वेगवेगळ्या गटांबरोबर चालवला आहे आणि दोनदा दुरुस्त केला आहे.

काळ १९७० च्या दशकातला. तो मुद्दाम घेतला, कारण मोबाइल असला की निम्मा तपास एका फोनमध्ये संपतो. महिना नोव्हेंबर, आंबिया बहाराची संत्री उतरायचे दिवस. रेल्वे स्टेशनाजवळच्या संत्रा मार्केटात एका अडत्याची गादी आहे आणि तिथला म्हातारा मुनीम दोन दिवसांपासून गायब आहे. अडत्या खेळाडूंना बोलावतो आणि म्हणतो, "माणूस शोधून द्या." आत घडलं ते असं. अडत्याचा भाचा शेतकऱ्यांच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, चांगल्या पेट्या सडक्या दाखवून वजा करतो आणि तोच माल परस्पर विकतो. काटोलच्या एका बागाइतदाराने मुनीमाला पत्र लिहून विचारणा केली. मुनीमाने हिशोब ताडून पाहिला, त्याला लबाडी दिसली, आणि तो खऱ्या पट्ट्या घेऊन रात्रीच्या पॅसेंजरने काटोलला त्या बागेवर गेला. तिथेच लपून बसला आहे.

पहिल्या प्रसंगाच्या कागदावर सगळ्यात वर मी लिहिलं: "मुनीम स्वतःच्या पायांनी काटोलला गेला आहे." बस, एवढंच. भाच्याची लबाडी खेळाडूंना इथे कळली तर बरंच, नाही कळली तरी पुढे बागेवर कळेल. काटोल मात्र इथेच कळायला हवं, त्याशिवाय पुढचा प्रसंग सुरूच होत नाही. आवश्यक आणि उपयोगी यांची अशी फाळणी केली की काम निम्मं होतं. एका सेशनमध्ये आवश्यक वाक्यं दोन, फार तर तीन निघतात. जास्त निघाली तर गोष्ट फार लांब साखळीवर टांगलेली आहे असं समजा.

त्या एका वाक्याकडे मी तीन वाटा काढते. या छंदात हा तीन क्लूंचा नियम म्हणून ओळखला जातो. खेळलेखक जस्टिन अलेक्झांडर यांनी तो २००८ मध्ये मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्यासाठी किमान तीन क्लू ठेवा. कारण सरळ आहे. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसरा ते मनावर घेत नाहीत आणि तिसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात. तरी कुठला तरी एक हाताला लागतो.

माझ्या मुनीमाच्या तीन वाटा अशा आहेत.

पहिली गादीवर. भिंतीला एका रांगेत खिळे ठोकलेले आहेत. प्रत्येक खिळ्यावर एकेका गावच्या पट्ट्यांच्या कार्बन प्रतींचा जुडगा अडकवलेला, वर मुनीमाच्या वळणदार अक्षरात गावाचं नाव. कळमेश्वर, मग काटोल, मग कोंढाळी. काटोलचा खिळा रिकामा. याला रोल नाही. कोणीही गादीत पाऊल टाकलं की वर्णनातच मी रिकामा खिळा सांगते.

दुसरी वाट बाहेरचा हमाल. मुनीमाची वळकटी त्यानेच स्टेशनवर नेली होती. चहाच्या टपरीशी तो बसलेला असतो आणि खेळाडू घुटमळताना दिसले की स्वतःच विचारतो, "काय शोधून राहिले भाऊ?" त्याच्याशी माणसासारखं बोललं की तो सगळं सांगतो.

तिसरी महालात, मुनीमाच्या घरी. देवाच्या फोटोमागे एक पोस्टकार्ड खोचलेलं आहे, त्यावर काटोलच्या पोस्टाचा शिक्का. मजकूर दोन ओळींचा: माझ्या पेट्या आणि तुमची पट्टी जुळत नाही, एकदा बागेवर या. मुनीमाची बायको घाबरलेली आहे. धीर दिला तर ती कार्ड स्वतः काढून देते, आणि सांगते की जाताना त्यांनी टॉर्च नेला.

तीन क्लू म्हटलं की बहुतेक जण एकाच खोलीत तीन वस्तू ठेवतात, म्हणून ही मांडणी जरा थांबून बघा. मीही एकदा तसंच केलं होतं: तिजोरीत डायरी, तिजोरीतच पावती, तिजोरीतच फोटो. तिजोरी उघडली नाही आणि तिन्ही एकदम गेले. कागदावर तीन दिसत होते, खरं तर तो एकच क्लू होता. वाटा वेगळ्या आहेत का हे तपासायला मी प्रत्येकीला विचारते की ही कशाने बंद होईल. गादीची वाट भाच्याने हाकलून दिलं तर बंद होते. हमालाची वाट त्याच्यावर गुरकावलं तर बंद होते. घरची वाट कोणाला घरी जायचं सुचलंच नाही तर बंद होते. तीन वेगळी कारणं, तीन वेगळ्या जागा. शिवाय एक डोळ्यांनी बघायची, दुसरी गप्पांतून उलगडणारी, तिसरी विश्वास मिळवून. कुठल्याही गटात कोणी खोली उलथीपालथी करणारं असतं, कोणी सगळ्यांशी बोलत सुटणारं असतं. प्रत्येकाच्या सवयीच्या रस्त्यावर काहीतरी पडलेलं हवं. दोन क्लू एकाच कारणाने बंद होत असतील, तर त्यातला एक दुसरीकडे हलवा.

आणखी एक गोष्ट मी पाळते. तिन्ही क्लू काटोलच सांगतात, पण प्रत्येकाजवळ स्वतःचं असं वेगळं काहीतरी असतं. खिळा सांगतो की कागद नेले आहेत. हमाल सांगतो की मुनीम एकटा होता, घाबरलेला होता, आणि काल भाच्यानेही हमालाला हेच विचारलं होतं. पोस्टकार्ड कारण सांगतं. त्यामुळे ज्यांना एकच क्लू मिळतो ते काटोलला पोहोचतात, आणि ज्यांना तिन्ही मिळतात ते तयारीनिशी पोहोचतात. तीनदा तेच ऐकून कोणी कंटाळत नाही, जीएम आपल्याला कानाला धरून नेतोय असंही वाटत नाही.

आता फाशांबद्दल. तीन क्लू ठेवले आणि प्रत्येकावर रोल लावला तर काय होतं, ते साध्या गणिताने बघू. समजा यश मिळण्याची शक्यता शंभरात ६० आहे. एकच क्लू असेल तर शंभरात ४० वेळा खेळ अडेल. तीन वेगळे क्लू असतील तर तिन्ही फसायची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे शंभरात सहाच्या थोडी वर. छान वाटतं. पण गोष्टीत असे चार टप्पे असतील तर सगळे पार पडायची शक्यता शंभरात साधारण ७७ येते. म्हणजे चार-साडेचार खेळांमागे एक खेळ तरीही कुठेतरी अडतोच. (टप्प्याला एकच क्लू असता तर हा आकडा १३ च्या आसपास आला असता, आणि असे एकाच क्लूवरचे टप्पे मी छापील कथानकांतही पाहिले आहेत.) म्हणून तीनपैकी किमान एक क्लू माझ्याकडे रोलविना असतो. गमशू नावाची खेळपद्धती या विचारावरच उभी आहे: पात्राकडे लागणारं तपासकौशल्य आहे आणि ते योग्य जागी वापरलं, तर मुख्य क्लू मिळतोच, तिथे फासे टाकायचे नसतात. तुम्ही कोणतीही पद्धत खेळत असलात तरी एवढा भाग उचलता येतो, नियमपुस्तकाला हात लावावा लागत नाही.

मग रोल कशासाठी? तो काढून टाकू नका, खेळाडूंना फासे टाकायला आवडतं आणि पात्राच्या कौशल्याला किंमत हवीच. फक्त रोलचा प्रश्न बदला. "काटोल कळलं का?" हा रोलचा प्रश्न नाही. "काटोलबरोबर आणखी काय कळलं?" हा आहे. गादीवर हिशोबाचं कौशल्य असलेल्या पात्राने रोल जिंकला, तर बाकीच्या जुडग्यांमध्ये त्याला दिसतं की सडक्या पेट्यांचे आकडे नेहमी एका वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईने लिहिलेले आहेत. ही गोष्ट शेवटच्या प्रसंगात भाच्यासमोर ठेवता येते आणि तो गार पडतो. रोल हरला तर? काटोलचा खिळा तरी दिसतोच, पण चाळाचाळ करताना भाचा मागे येऊन उभा राहतो आणि आता त्याला कळतं की हे लोक पट्ट्या बघत होते. म्हणजे हरण्याची किंमत मोजावी लागते, दार मात्र उघडं राहतं. तुमच्या खणाचा रोलही असाच लिहिता येतो. फसला तर खण उघडतो, पण कुलूप तुटल्याचा आवाज होतो, किंवा उघडेपर्यंत कोणीतरी जिना चढत असतं.

इथे माझ्या पहिल्या मसुद्यातली एक चूक सांगायला हवी, कारण ही चूक तीन क्लू ठेवूनही होते. तेव्हा हमाल फक्त एवढंच सांगायचा की इटारसीकडच्या पॅसेंजरला बसवून दिलं. मला वाटलं, पुरे झालं. पहिल्या गटाला भाच्याने गादीवरून लगेच हाकललं, घरी जायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि हमाल मात्र फार आवडला. चौघं उत्साहाने स्टेशनवर गेले आणि अडकले. त्या मार्गावर कळमेश्वर आहे, काटोल आहे, नरखेड आहे, पुढे पांढुर्णा आहे. यातलं कुठलं? प्रत्येक स्टेशनवर उतरून विचारायचं का? क्लूने शोध थोडा अरुंद केला, पण कुठे जायचं हे सांगितलं नाही. तेव्हापासून मी आवश्यक वाक्याच्या प्रत्येक क्लूला एक कसोटी लावते: हा एकटाच हातात असेल, बाकी काहीही माहीत नसेल, तर खेळाडू उठून एखाद्या ठरावीक जागी किंवा ठरावीक माणसाकडे जाऊ शकतात का? नसतील तर तो अर्धा क्लू आहे, तिनात धरायचा नाही. आता हमाल म्हणतो, "मुनीमजी विचारून राहिले होते, काटोल किती वाजता लागते. म्हटलं, झोपू नका, नाहीतर नरखेडला जाल." वाक्य त्याचंच, पण गाव आलं.

ही कसोटी स्वतःवर लावून उपयोग नाही. तुम्हाला उत्तर माहीत असतं, म्हणून प्रत्येक क्लू स्वच्छ वाटतो. मी घरातल्या कोणाला तरी, खेळाशी काही संबंध नसलेल्याला, एकेक क्लू वेगळा वाचून दाखवते आणि विचारते, "तू आता कुठे जाशील?" आईला रिकामा खिळा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "जुडगा पडला असेल खाली." अगदी खरं. मग मी वर्णनात घातलं की बाकी सगळ्या खिळ्यांवर धूळ आहे आणि या एकावर नाही, आणि जमिनीवर काही पडलेलं नाही. पाच मिनिटांत होणारं काम आहे. पिठाचे हात पुसत आई जे म्हणते, तेच टेबलावर रविवारी कोणीतरी म्हणणार असतं.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग: खेळाडूंनी तुम्ही न लिहिलेली चौथी वाट धरली तर? आमच्या दुसऱ्या गटातल्या एकीने विचारलं, "तिकीट खिडकीवरच्या बाबूला आठवत असेल का?" माझ्या कागदावर तिकीट खिडकी नव्हती. पण क्लूंच्या आधी मी नेहमी अर्धं पान खरी हकीकत लिहून ठेवते, तासांसकट. संध्याकाळी सातला गादी रिकामी झाल्यावर मुनीमाने काटोलचा जुडगा काढला. आठला घरी जेवला, बायकोला एवढंच म्हणाला की दोन दिवस लागतील. साडेनऊला टपरीशी हमालाला हाक मारली. मग तिकीट, फलाट, गाडी, मध्यरात्रीनंतर काटोल, तिथून टॉर्चच्या उजेडात बागेपर्यंत पायी. ही हकीकत समोर असली की तिकिटाचं उत्तर शोधावं लागत नाही. त्याने तिकीट काढलं होतं, म्हणजे ते कोणीतरी विकलं होतं. हो, बाबूला आठवतं, कारण म्हाताऱ्याने सगळी चिल्लर मोजून दिली होती. क्लू हे त्या रात्रीच्या खुणा आहेत आणि माणूस चालला की खुणा सगळीकडे उमटतात. मी तीन लिहून ठेवते. बाकीच्या विचारल्यावर हकीकतीतून काढते. खेळाडूचा प्रश्न शहाणा असेल आणि खऱ्या घटनेला धरून असेल, तर उत्तर "हो" असायला हवं. लिहिलेला क्लूच मिळावा म्हणून चांगल्या प्रश्नाला "काही नाही सापडलं" म्हणणारा जीएम स्वतःच खेळ अडवतो. मारबतीच्या वेळी मी हेच केलं होतं. कागद बडग्यात होता, म्हणून त्या कागदाबद्दल दुसऱ्या कोणालाही काही माहीत असू शकतं हे मी मान्यच केलं नाही. कागद दडवणाऱ्याने बडग्या बनवणाऱ्या पोरांना काहीतरी सांगितलंच असणार ना?

हे सगळं करूनही एखादा रविवार असा येतो की तिन्ही वाटा सुटतात. त्यासाठी चौथी वस्तू लिहिते आणि ती स्वतः चालत येते. जागेवर बसून सापडण्याची वाट बघणारे क्लू वेगळे आणि हा वेगळा. गुन्हेगारालाही काहीतरी हवं असतं आणि तो थांबलेला नसतो, एवढंच इथे वापरायचं. भाच्यालाही मुनीम हवा आहे आणि त्याने हमालाला आधीच विचारलेलं आहे. माझ्या कागदावर लिहिलेलं असतं: खेळातल्या संध्याकाळी पाचपर्यंत खेळाडू निघाले नसतील, तर भाचा दोन माणसांसह गादीसमोर जीपमध्ये बसतो आणि ड्रायव्हरला मोठ्याने काटोलचा रस्ता धरायला सांगतो. खेळाडू बाजारात कुठेही असले तरी हे त्यांच्या डोळ्यांसमोर किंवा कानांवर येतं. आता त्यांना काटोल कळलं, पण ते भाच्याच्या मागे आहेत. बागेवर पोहोचतील तेव्हा फाटक उघडं असेल, कुत्रं भुंकत असेल आणि मुनीम संत्र्याच्या झाडांत पळालेला असेल. गोष्ट पुढे गेली आणि हुकलेल्या क्लूंची किंमतही वसूल झाली. खेळाडूंना हे दान वाटत नाही, कारण भाचा स्वतःच्या कारणासाठी निघाला आहे. मी तिसऱ्या गटात ही जीप वापरली आणि चारही गटांत सगळ्यात थरारक काटोल त्यांचंच झालं.

जीप कधी काढायची हे ओळखावं लागतं. फार लवकर काढली तर विचार करणाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं. शांतता म्हणजे अडणं नव्हे. खेळाडू एकमेकांकडे बघून बोलत असतील, वहीत काही लिहीत असतील, कोणी "थांब, पण मग तो..." म्हणत असेल, तर पोह्यांवर तर्री वाढा आणि गप्प राहा. अडल्याच्या खुणा वेगळ्या दिसतात. ते एकमेकांऐवजी तुमच्याकडे बघायला लागतात. एकदा विचारलेला प्रश्न त्याच माणसाला पुन्हा विचारतात. "मी सगळी खोली तपासतो" यासारखी, कुठेच बोट न ठेवणारी वाक्यं यायला लागतात. कोणीतरी फोन काढतं. यातल्या दोन खुणा दिसल्या की मी आधी एखाद्याला म्हणते, "आतापर्यंत काय काय कळलंय ते पहिल्यापासून सांगशील का?" बऱ्याचदा सांगता सांगताच रिकामा खिळा पुन्हा निघतो आणि दुसरं कोणी उडी मारतं. त्यानेही दहा मिनिटांत काही हललं नाही, तर जीप.

दिशाभूल करणाऱ्या खोट्या खुणा लिहिण्यात मी वेळ घालवत नाही. त्या खेळाडू स्वतःच तयार करतात आणि तुमच्यापेक्षा चांगल्या करतात. एका गटाने चहावाल्याच्या उधारीच्या वहीवरून अर्धा तास संशय घेतला होता.

या पद्धतीची मर्यादाही आहे. प्रत्येक गोष्टीला तीन वाटा काढत बसलात तर प्रसंगाचे कागद वीस होतील आणि टेबलावर काहीही सापडणार नाही. म्हणून तीन वाटा फक्त आवश्यक वाक्यांना. भाच्याची वेगळी शाई, टॉर्च, मुनीमाची भीती, या सगळ्यांना एकेकच वाट आहे. सुटली तर सुटली. माझा मुनीमाचा प्रसंग एका फुलस्केप पानाच्या दोन बाजूंत बसतो: एका बाजूला वाक्य, तीन वाटा आणि जीप, दुसऱ्या बाजूला त्या रात्रीची हकीकत.

तुमचा बंगला आहे तसाच ठेवून दुरुस्त होईल. चिठ्ठी ज्या पत्त्याकडे नेते तो पत्ता कागदावर वाक्य म्हणून वर लिहा. चिठ्ठी खणातच राहू द्या, खण उघडाच ठेवा, आणि रोल ठेवा तो चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने खोडलेल्या मजकुरासाठी. मालक त्या पत्त्यावर जात असेल तर त्याला तिथे कोणी नेत होतं. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यात ड्रायव्हर असणारच, त्याला ती वाट द्या आणि त्याची खोली बंगल्याच्या मागे ठेवा, म्हणजे बंगल्याला कुलूप असलं तरी तो भेटेल. तिसरी वाट बंगल्याबाहेर हवी. धोब्याकडे गेलेल्या कोटाच्या खिशात त्या पत्त्याची पावती, आणि धोबी दुसऱ्या दिवशी कपडे परत द्यायला येतो. खुन्याला तो पत्ता का हवा आहे हे एकदा ठरवा. तो तिथे किती वाजता जाईल ते लिहून ठेवलंत की तुमची जीपही तयार आहे.